मेंदूज्वराच्या तक्त्यातील दोन ओळींबाबत मदत हवी आहे

नमस्कार. बेळगावात नर्सिंग शिकणाऱ्या आम्ही खानापूर-निपाणीकडच्या विद्यार्थिनी पाठीतून काढलेल्या पाण्याच्या तपासणीचा तुलनात्मक तक्ता मराठीत करत आहोत. जिवाणूजन्य मेंदूज्वरात पाणी गढूळ, न्यूट्रोफिल पेशी पुष्कळ व साखर कमी. विषाणूजन्यात पाणी स्वच्छ, लिम्फोसाइट जास्त आणि साखर बहुधा नेहमीइतकी, इथवर अडचण नाही.

अडचण क्षयजन्य मेंदूज्वराच्या ओळीत आहे. सरावाच्या एका उदाहरणात पाणी स्वच्छ, पेशी १८०, त्यांत लिम्फोसाइट ७५ टक्के, प्रथिने १६० आणि साखर ३२ (दोन्ही १०० मिलिलिटरमागे मिलिग्रॅम) आहे. त्याच वेळची रक्तातील साखर ११० असल्याने प्रमाण ०.२९ येते, म्हणजे साखर खरोखरच कमी आहे. हे क्षयाशी जुळते. मात्र रुग्णाला आधी अँटिबायोटिकची इंजेक्शने मिळाली होती, आणि अर्धवट उपचार झालेल्या जिवाणूजन्य मेंदूज्वरातही लिम्फोसाइट वाढू शकतात, शिवाय कल्चरमध्ये काही उगवत नाही, असे होऊ शकते. सीबीनॅट निगेटिव्ह आली म्हणून क्षय नाकारता येत नाही, हे आम्ही धरले आहे. नळी उभी ठेवल्यावर पाण्यात कोळिष्टकासारखा पडदा धरला का, याची नोंद उदाहरणात नाही.

या दोन ओळी वेगळ्या कळाव्यात म्हणून चार रकान्यांच्या जोडीला आजाराचा कालावधी घालावा, की दुसऱ्या वेळी काढलेल्या पाण्यातील बदल?