अनुभव धागा: स्मार्टवॉचचं स्टोरेज फुल झालं, जागा कशाने खाल्ली आणि तुम्ही ती कशी मोकळी केलीत?

डोंगरवाटा
मंडळी, माझं वॉच नकाशेवालं आहे, १६ जीबीचं. नकाशा अपडेट करायला गेलं की जागा अपुरी म्हणून मधेच थांबतं. फोटो एकही नाही, गाणी आहेत, पॉडकास्ट आहेत आणि नकाशे. कुठल्या गोष्टीने किती जागा धरलीये हेच धड कळत नाहीये. ज्यांनी हे स्वतः निस्तरलंय त्यांनी लिहा, काय काढलंत आणि काढल्यावर खरंच जागा झाली का. कुठल्याही कंपनीचं वॉच चालेल. फक्त "रीसेट मारा" एवढंच नको, त्याआधी काय काय करून बघता येतं ते हवंय.

पहाटपळ
जुन्या ॲक्टिव्हिटी काढून टाका. दोनतीन वर्षांचं रनिंग साठलं की वॉच भरणारच ना. मी दर सीझनला सगळं साफ करते, फोनच्या ॲपमधे सिंक झालेलं असतंच त्यामुळे काही जात नाही.

रात्रपाळी
पहाटपळ, सिंक झाल्यावर काढायला हरकत नाही हे बरोबर, पण त्याने जागा फार होत नाही हो. तासाभराच्या रनची फाइल साधारण शेदोनशे केबीची, म्हणजे अशा हजार फायली काढल्या तरी दोनेकशे एमबी. तेवढ्यात नकाशाचा कोपराही बसणार नाही.

डोंगरवाटा, तुमच्या केसमधे संशय आधी नकाशांवर आणि मग गाण्यांवर. गाण्यांचा हिशोब सोपा आहे, २५६ केबीपीएसचं गाणं मिनिटाला जवळपास २ एमबी घेतं, म्हणजे तासाला ११५ एमबी. चाळीस तासांची प्लेलिस्ट टाकली असेल तर साडेचार जीबी तिथेच गेले. बोललेलं रेकॉर्डिंग बहुतेक कमी बिटरेटचं असतं, ६४ केबीपीएसला तासाला तीसएक एमबी, म्हणून ऑडिओबुक लांबलचक असूनही तितकं खात नाही.

नकाशांचं म्हणाल तर एका मोठ्या खंडाचा टोपो नकाशा कित्येक जीबीचा असतो. गार्मिनचं नकाशेवालं वॉच असेल तर मेनूचं बटण दाबून धरा, Map Manager मधे जा, तिथे TopoActive Maps खाली कुठले भाग वॉचमधे बसवलेत ते दिसतात. जो भाग लागत नाही तो निवडून Remove. कंपनीनेच दिलेला नकाशा असेल तर नंतर वायफायवरून परत फुकट उतरवता येतो, तेव्हा काढताना जीव वरखाली करू नका. उतरवायला मात्र खूप वेळ लागतो, वॉच चार्जरला लावूनच बसायचं.

बारीकसारीक
माझ्या फोनमधे पण हेच झालं होतं! मेसेजमधले व्हिडिओ काढले आणि १२ जीबी मोकळे झाले. तिथे बघितलंत का?

रात्रपाळी
ते फोनचं स्टोरेज झालं, वॉचचं वेगळं असतं. फोन कितीही रिकामा केला तरी वॉचमधे एक एमबी वाढत नाही.

हेडफोनवाली
हेच गाण्यांच्या बाबतीत पण आहे आणि हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं. स्ट्रीमिंग ॲपमधे फोनवर प्लेलिस्टचं डाउनलोड बंद केलं तरी वॉचमधलं डाउनलोड तसंच राहतं, कारण त्या ॲपच्या हिशोबी वॉच हे वेगळं डिव्हाइस आहे. मी फोनवरून सगळं काढत होते आणि वॉचचा आकडा हलत नव्हता. शेवटी वॉचवरच ते ॲप उघडलं, डाउनलोडच्या यादीत गेले आणि प्लेलिस्ट एकेक करून काढल्या, मग लगेच फरक दिसला. एक प्लेलिस्ट यादीत दिसतच नव्हती तरी जागा धरून होती, ती ॲप वॉचवरून अनइन्स्टॉल करून परत टाकल्यावरच गेली. लॉगिन परत करावं लागतं, एवढंच.

आणि ॲपल वॉचवाल्यांनी फोनच्या Watch ॲपमधे Music आणि Podcasts दोन्ही उघडून बघा. आपोआप गाणी आणि एपिसोड टाकायची सेटिंग चालू असेल तर तुम्ही काढाल आणि चार्जिंगला लावलं की नवीन येऊन बसतील. आधी ते बंद, मग डिलीट.

आजोबांचा_नातू
माझं फोटोंचं सांगतो. आजोबांच्या वॉचमधे घरच्यांच्या फोटोंचा आख्खा अल्बम सिंक केला होता आणि स्टोरेज भरल्यावर सगळे म्हणाले फोटो काढ. काढले तर अगदी किरकोळ जागा झाली, कारण वॉचमधे मूळ फोटो जात नाहीत, स्क्रीनच्या मापाची लहान कॉपी जाते. त्यांना ते फोटो बघायला फार आवडतात म्हणून मी परत टाकले. Watch ॲपमधे Photos खाली Photos Limit आहे, तिथे किती फोटो जायचे ते ठरवता येतं. खरी जागा पॉडकास्टने घेतली होती. वॉचवर Settings, General, Storage असं गेलं की ॲपवार यादी येते, ती बघितल्याशिवाय काहीच काढू नका असं माझं ठाम मत आहे.

वायरमन
कॉम्प्युटरला जोडून साफ करणाऱ्यांसाठी. काही जुनी वॉच पेनड्राइव्हसारखी उघडतात. मॅकवर तिथली फाइल डिलीट केली की ती वॉचमधल्याच `.Trashes` नावाच्या लपलेल्या फोल्डरमधे जाते, म्हणजे फाइल दिसत नाही आणि जागाही होत नाही. वॉच जोडलेलं असतानाच ट्रॅश रिकामा करायचा, मग वायर काढायची. मित्राच्या वॉचमधे स्वतः टाकलेला `gmapsupp.img` असा काढलेला होता, तीन जीबीच्या वर फाइल ट्रॅशमधेच पडून होती. दुसरं म्हणजे GARMIN फोल्डरमधल्या न ओळखणाऱ्या img फायलींना हात लावू नका. `gmapbmap.img` हा बेसमॅप आहे, तो उडाला तर नकाशाचा स्क्रीन बघण्यालायक राहत नाही. शंका असेल तर Map Manager मधूनच काढा.

जुनंतेसोनं
आमच्याकडे अजून ॲपल वॉच सिरीज ३ आहे, जीपीएसवालं ८ जीबीचं. गाणी, फोटो सगळं काढलं तरी अपडेटला जागा होईना. त्या मॉडेलला अनपेअर करून, अपडेट करून, परत पेअर करणं हाच उपाय ठरला. अनपेअर करताना बॅकअप फोनमधे आपोआप होतो, पण पेमेंटची कार्डं, पासकोड आणि ब्लूटूथ हेडफोनची जोडणी त्यात येत नाही, ते नव्याने करावं लागतं. रीसेट नको म्हणालात तरी लिहितोय, कारण ८ जीबीवर दुसरा मार्ग आम्हाला सापडला नाही.

डोंगरवाटा
सगळ्यांचे आभार, करून बघितलं ते लिहिते. Map Manager मधे दोन खंडांचे नकाशे निघाले, एक जुन्या प्रवासासाठी टाकला होता तो तसाच होता. तो काढल्यावर पाच जीबीहून जास्त जागा झाली आणि अडलेलं अपडेट रात्री चार्जिंगवर ठेवल्यावर पूर्ण झालं. वायफाय मधे एकदा तुटलं होतं पण परत सुरू केल्यावर पुढे गेलं. गाण्यांची एक प्लेलिस्ट हेडफोनवालीच्या पद्धतीने वॉचवरूनच काढली, तो आकडा पण लगेच उतरला.

एक राहिलंच. नकाशे, गाणी, ॲप सगळ्यांची बेरीज केली तरी वापरलेल्या जागेपेक्षा दीडेक जीबी कमी भरते. ही सिस्टिमची जागा असावी, पण ती कायम तेवढीच असते का वाढत जाते?

रात्रपाळी
काही सिस्टिम जागा असणारच, ती काढता येत नाही. पण एकदा वॉच बंद करून चालू करा आणि आकडा परत बघा, अपडेटनंतरच्या तात्पुरत्या फायली कधीकधी त्याने जातात. माझ्याकडे कमी झालं होतं.

आजोबांचा_नातू
आमच्याकडे रीस्टार्टने काहीच फरक पडला नव्हता. डोंगरवाटा, आजचा आकडा लिहून ठेवा आणि महिन्याभराने इथे टाका, मी पण टाकतो.