मदत हवी आहे: बीजप्रक्रियेचं पत्रक सोपं करताना 'टाका' या शब्दाशी अडले

नौपाड्याची लिहिते:

नमस्कार. मी ठाण्यात अक्षरजुळणीची कामं करते. मुरबाड बाजूला माझ्या मामांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. दरवर्षी मे अखेरीला ते भाताच्या बियाण्याबरोबर एक पत्रक देतात. यंदा म्हणाले, "लोक घडी करून पिशवीत ठेवतात, वाचत कोणी नाही. बायका म्हणतात अक्षर लागत नाही. तू जरा सोपं करून दे."

पत्रकातलं एकच वाक्य बघा:

"प्रति १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून तयार केलेल्या ३ टक्के द्रावणात बियाणे बुडवून तरंगणारे हलके व रोगट बियाणे काढून टाकावे, तळाशी बसलेले बियाणे स्वच्छ पाण्याने दोन ते तीन वेळा धुवून सावलीत २४ तास वाळवावे व तदनंतर पेरणीपूर्वी प्रति किलो २.५ ग्रॅम थायरम बुरशीनाशकाची बीजप्रक्रिया करावी."

मी त्याचं असं केलं:

"बादलीत १० लिटर पाणी घ्या. त्यात ३०० ग्रॅम मीठ टाका. मग बी टाका. वर तरंगणारं बी टाका. खाली बसलेलं बी धुवा. २४ तास सावलीत वाळवा. १ किलो बियाण्याला २.५ ग्रॅम थायरम चोळा."

रविवारी दुकानात एका मावशींना वाचायला दिलं. साठीच्या पुढच्या आहेत, अक्षरओळख अलीकडची. ओळीखाली बोट धरून, एकेक अक्षर सोडवत वाचत होत्या. "वर तरंगणारं बी टाका" इथे बोट थांबलं. मला विचारलं, "परत टाकायचं? कशात?" तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी 'टाका' तीनदा लिहिलंय, दोनदा आत घालायला आणि एकदा फेकून द्यायला. वाक्यं लहान केली, पण अर्थ निसटला.

अजून काय काय निसटलं असेल? ज्यांनी अशा वाचकांसाठी लिहिलंय त्यांनी कृपया सांगा. छपाईला दहा दिवस आहेत.

---

वाशी_गच्ची: चांगला धागा. माझ्या वाशीच्या गच्चीत मेथी आणि पालक नीट उगवत नाहीत. त्यांचं बी पण मिठाच्या पाण्यातून काढू का? किती वेळ ठेवायचं?

---

शहापूरचा_राब: ताई, ग्रॅम-बिम कोण मोजतंय? आमच्याकडे जुने लोक अंडं सोडायचे. पाण्यात मीठ घालत जायचं, अंडं वर आलं की पाणी तयार. हेच लिहा, सगळ्यांना कळेल. आणि 'तरंगणारं हलकं बियाणं' कशाला? सरळ 'पोचट' म्हणा. आम्ही पळींज म्हणतो, पण पोचट सगळ्यांना कळतं.

---

पाटीवरची_बाई: मी शिक्षिका आहे. नवभारत साक्षरतेच्या वर्गांत प्रौढांना शिकवते. आपल्याच जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे गावी २०१६ साली आजीबाईंची शाळा सुरू झाली, ते बहुतेकांना माहीत असेल. त्या वयात शिकलेली बाई कशी वाचते, हे मी रोज बघते, म्हणून लिहिते.

'टाका' तुम्ही बरोबर पकडलंत. आत घालायचं असेल तिथे 'घाला', बाहेर काढायचं तिथे 'काढा'. एका कामाला एकच शब्द आणि तोच शेवटपर्यंत. शाळेत निबंधाला आपण तोच शब्द पुन्हा नको म्हणून बदलतो. इथे शब्द बदलला की वाचणारीला वाटतं, हे काहीतरी दुसरं काम आलं.

तुमच्या वाक्यांमध्ये आणखी एक गोष्ट राहिली. मूळ वाक्यात 'हलके व रोगट' असं कारण होतं. तुम्ही ते गाळलंत. पोटापुरतं धान्य पिकवणाऱ्या घरात 'बी काढा' म्हटलं तर हात पुढे होत नाही. आधी सांगा, "हे बी पोचट आहे. याचं रोप जोमाचं येत नाही." मग सांगा काढायला. वाक्यं तोडताना 'म्हणून' आणि 'कारण' आधी गळतात, आणि मग नुसती हुकूमवजा यादी उरते.

जोडाक्षरांना सरसकट घाबरू नका. 'त्या', 'साध्या', 'दुसऱ्या' रोजच्या बोलण्यातले आहेत, अंदाजाने वाचले जातात. अडतं ते 'द्रावण', 'प्रति', 'बीजप्रक्रिया' यांना, कारण शब्दच ओळखीचा नसतो. बाई अक्षरं सोडवते, शब्द जुळवते आणि जुळवून झाल्यावरही तिला काही सापडत नाही.

एक विचारते. २.५ त्या मावशींकडून मोठ्याने वाचून घेतलंत का?

---

नौपाड्याची: नाही घेतलं. टिंब वाचता येत नसेल असं म्हणताय का? येत्या रविवारी विचारते.

---

जुळारी_डोंबिवली: हा फॉन्टचा प्रश्न आहे असं मला वाटतं. तुम्ही संगणकासोबत आलेलाच फॉन्ट वापरत असाल तर त्यात 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात. मराठी वळणाचा युनिकोड फॉन्ट घ्या आणि अक्षर १६ पॉइंटच्या खाली नेऊ नका.

---

पाटीवरची_बाई: फक्त फॉन्टने सुटणारं नाही हे, पण 'ल' आणि 'श' चा मुद्दा अगदी खरा आहे. पाटीवर शिकलेला 'ल' छापलेल्या कागदावर वेगळा दिसला की आमच्या आज्या थबकतात. ओळही शब्दाच्या मध्ये तुटू देऊ नका. एक काम एका ओळीत मावलं तर उत्तम.

---

बांधावरचा_काका: मी कृषी सहायक होतो, आता निवृत्त. दोन-तीन गोष्टी आधी सरळ करतो.

शहापूरच्या दादांना, पोचट हा शब्द एकदम योग्य. पण अंड्याचं लिहू नका. आपली शिफारस ३ टक्क्यांची. त्या पाण्यात ताजं अंडं बुडूनच राहतं. ते वर यायला साधारण १० टक्क्यांच्या पुढे मीठ लागतं. इतक्या दाट पाण्यात ३ टक्क्यांच्या पाण्यापेक्षा जास्त बी वर येतं आणि माणूस ते सगळंच पोचट समजून काढून टाकतो. अंड्याची रीत चुकीची नाही, पण ती वेगळ्या प्रमाणाची आहे.

वाशीकरांना, हे भातासाठी आहे. मेथी-पालकाला नको. तुमचा प्रश्न वेगळ्या धाग्यात टाका, तिथे बोलू.

आता ताई, तुमचं माप. '१० लिटर' म्हटलं की घरातली बादली भरून घेतात, आणि ती बादली बहुतेक वेळा १५ किंवा २० लिटरची असते. मीठ तेवढंच राहिलं तर पाणी पातळ होतं आणि पोचट बीही खाली बसतं. प्रत्येक घरात लिटरची पाण्याची बाटली असते. तिने दहा वेळा मोजू द्या. मिठाचं तसंच. किलोचा पुडा फोडून तीन सारखे ढीग करायचे आणि एक ढीग घ्यायचा. तो ३०० ग्रॅमपेक्षा थोडा जास्त भरतो, तेवढ्याने बिघडत नाही.

थायरमचं मात्र असं अंदाजाने चालत नाही. 'एक चमचा' लिहू नका, प्रत्येकाचा चमचा वेगळा. मामांना सांगा, जे थायरम विकताय तेच दुकानातल्या छोट्या काट्यावर एका ठरलेल्या प्लास्टिकच्या चमच्याने सपाट भरून तोला. ग्रॅम किती भरतात ते बघा आणि तोच चमचा पुड्याबरोबर द्या. कंपनी बदलली की पुन्हा तोलायचं, भुकटीचा हलका-जडपणा बदलतो. घरातला खाण्याचा चमचा वापरायचा नाही, हेही लिहा.

आणि 'चोळा' काढा. चोळा वाचून माणूस उघड्या हाताने चोळतो. झाकणाच्या डब्यात बी आणि भुकटी घालून डबा हलवायचा. आणखी एक, थायरम हाताळल्यावर दारू घेतली तर अंगावर येतं, मळमळतं, चेहरा लाल होतो. पेरणीच्या संध्याकाळी हे घडतं आणि लोक उन्हावर ढकलतात.

---

नौपाड्याची: काका, बाई, मनापासून आभार. कालच मुरबाडला जाऊन आले. २.५ त्या मावशींनी "पंचवीस" वाचलं. मग अजून दोघींना दिलं. एकीने "दोन, पाच" म्हणून माझ्याकडे पाहिलं, दुसरीने पंचवीसच वाचलं. एका किलोला पंचवीस ग्रॅम, म्हणजे दहापट! त्याच कागदावर 'अडीच' लिहून दाखवलं. तिघींनी एका झटक्यात वाचलं.

नवा मसुदा असा झालाय:

"बादलीत पाणी घाला. लिटरच्या बाटलीने १० बाटल्या मोजा.
मिठाचा १ किलोचा पुडा घ्या. मिठाचे ३ सारखे ढीग करा. १ ढीग पाण्यात घाला. ढवळा.
थोडं बी पाण्यात घाला. हाताने हलवा.
काही बी वर येईल. ते पोचट आहे. त्याचं रोप जोमाचं येत नाही. म्हणून ते काढा. पेरू नका.
खाली बसलेलं बी चांगलं. ते साध्या पाण्यात ३ वेळा धुवा.
सावलीत पसरा. आज सकाळी पसरलं, तर उद्या सकाळी उचला.
पेरायच्या आधी बी झाकणाच्या डब्यात घाला. १ किलो बियाण्याला अडीच ग्रॅम थायरम. १० किलो बियाण्याला २५ ग्रॅम. दुकानाच्या चमच्याने मोजा. झाकण लावा. डबा हलवा.
हातात पिशवी घाला. नाका-तोंडाला फडकं बांधा. नंतर साबणाने हात धुवा.
थायरम लावलेलं बी उरलं, तर ते खाऊ नका. कोंबड्यांना घालू नका.
त्या दिवशी दारू पिऊ नका."

मावशींनी हे वाचून मला उलट सांगून दाखवलं. फक्त "हातात पिशवी घाला" इथे त्यांनी विचारलं, "पिशवी हातात धरायची?" म्हणजे 'घाला' ही पुरेसं नाही. "हाताला प्लास्टिकची पिशवी बांधा" असं केलंय.

एक गोष्ट अडलीय. थायरम या नावाआधी काय लिहू? मामा म्हणतात 'औषध' लिही, गावात सगळे तसंच म्हणतात. माझं मन धजत नाही. औषध म्हटलं की ते घरात गोळ्यांच्या डब्याशेजारी जातं.

---

शहापूरचा_राब: औषधच लिहा ताई. आमच्याकडे कुणी दुसरं म्हणतच नाही. 'विष' लिहिलंत तर लोक बी परत घेऊन येतील. अंड्याचं मात्र कळलं मला, मीठ जास्त होत होतं हे कधी लक्षात आलं नाही.

---

पाटीवरची_बाई: 'विषारी औषध' असे दोन्ही शब्द? लांब होतं, 'विषारी' वाचायला जड नाही. पण आमच्या वर्गात एकीने विचारलं होतं, "विषारी आहे तर औषध कसं?" तिला मला नीट उत्तर देता आलं नाही.

---

बांधावरचा_काका: मी आयुष्यभर औषधच म्हणत आलो आणि आता विचार करतोय. पुड्यावर रंगाचा त्रिकोण असतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. मामांच्या पुड्यावर जो रंग असेल तो पत्रकावर तसाच छापा आणि खाली लिहा, "हा रंग पुड्यावर बघा. पुडा मुलांच्या हाताला लागू देऊ नका." हिरवा म्हणजे बिनधोक असा समज होतो, तो मात्र कोणीतरी तोंडी मोडावा लागतो. शब्दाचं तुम्हीच ठरवा.

---

नौपाड्याची: रंगीत छपाईचा खर्च मामांना विचारते. शब्दाचं अजून ठरत नाहीये. रविवारी त्याच तिघींना दोन्ही कागद देऊन विचारते, पुडा घरात कुठे ठेवाल. काय म्हणतात ते इथे लिहीन.