मदत हवी आहे: कमोडवर मोबाइल, वीस-पंचवीस मिनिटं आणि आता रक्त

भांडुपचा_पिंट्या

विषय लाजिरवाणा आहे, म्हणून नवीन आयडी काढून लिहितोय. वय ३४, बँकेत नोकरी, दिवसभर खुर्चीत. वन बीएचकेमध्ये आम्ही पाच जण. सकाळी एकांत मिळण्याची एकच जागा, ती म्हणजे संडास. मोबाइल घेऊन आत गेलो की वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. बाहेरून आईची हाक आली की उठतो.

खरं काम पहिल्या तीन-चार मिनिटांतच होतं. पण पोट पूर्ण साफ झालं असं वाटत नाही. आत काहीतरी राहिलंय असं जाणवतं, म्हणून बसून राहतो आणि मधूनमधून जोर लावतो. कधी नुसता चिकट थेंब, कधी काहीच नाही.

तीन आठवड्यांपासून शेवटी कमोडमध्ये लाल थेंब पडतात. दुखत नाही. गेल्या आठवड्यापासून जोर लावल्यावर द्राक्षाएवढं काहीतरी बाहेर येतं आणि उठलो की आपोआप आत जातं. बायको म्हणते, हे फोनमुळेच. मला पटत नाही. फोन हातात असतो, त्याचा मूळव्याधीशी काय संबंध? दोष कुंथण्याचा असेल तर कुंथणं थांबवतो, फोन कशाला सोडू?

सदा_हसरा

फोन संडासात नेऊच नये. जंतू चिकटतात, तोच हात तोंडाला लागतो. मी रोज स्पिरिटने पुसतो.

भांडुपचा_पिंट्या

अहो, प्रश्न जंतूंचा नाही, रक्ताचा आहे.

लालबागचा_काका

आमच्या चाळीत मजल्यावर बारा खोल्यांना दोन संडास होते. बाहेर डबा घेऊन माणसं उभी, आत पाच मिनिटं झाली की दारावर थाप. वर भारतीय पद्धतीचा संडास, उकिडवं बसलं की दहाव्या मिनिटाला पायाला मुंग्या. मूळव्याध आमच्यातही व्हायची, नाही असं नाही. पण 'आत बसून वाचतोय' हा प्रकार नव्हता. कमोड काढून टाका, उकिडवे बसा, आठ दिवसांत फरक पडेल.

ओपीडीवाली_ताई

पालिकेच्या रुग्णालयात सर्जरीच्या ओपीडीत एकोणीस वर्षं स्टाफ नर्स आहे. डॉक्टर नाही, पण असे पिंट्या रोज समोर बसतात.

काका, मुंग्यांचं बोललात ते खरं आहे. पण तो गुण उकिडवं बसण्यापेक्षा लवकर उठण्याचा जास्त आहे.

पिंट्या, आधी तुझं 'आत काहीतरी राहिलंय' बघू, कारण सगळी गोची तिथे आहे. गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या सगळ्यांनाच असतात. बहुतेकांना ठळक अशा तीन. वायू किंवा पातळ मल गळू नये म्हणून त्या तोंड मिटून धरतात. म्हणजे मूळव्याध बाहेरून येत नाही, या गाद्याच फुगतात आणि खाली सरकतात. आता फुगलेली गादी खाली आली की शरीराला काय वाटणार? दाराशी काहीतरी अडलंय. मल नसतो, तुझी स्वतःची गादी असते. तू तिलाच ढकलतोस. ती आणखी खाली येते, मग आणखी राहिल्यासारखं वाटतं. चिकट थेंब निघतो तो बहुतेक तिथलाच शेंबडासारखा पदार्थ.

फोनचं काम इथे सुरू होतं. फोनशिवाय दोन वेळा जोर लावून माणूस कंटाळतो आणि उठतो. फोन असला की कंटाळा येत नाही. दर चार रीलनंतर एकदा कुंथलास तरी पंचवीस मिनिटांत किती झालं, तूच मोज.

भांडुपचा_पिंट्या

मोजलं नव्हतं कधी. सहा-सात वेळा तरी होत असेल. पण ताई, मधल्या वेळात मी नुसता बसलेला असतो, तेव्हा तर जोर नसतो ना?

ओपीडीवाली_ताई

खुर्चीत आणि कमोडवर बसण्यात फरक आहे. खुर्चीत खालून आधार असतो. कमोडच्या रिंगणावर मांड्या आणि कुल्ले टेकतात, पण मधला भाग, जिथे या गाद्या आहेत, तो अधांतरी लोंबतो. त्यात शौचाला बसलास म्हणून तिथले स्नायूही सैल सोडलेले असतात. या भागातलं बरंचसं रक्त वर यकृताकडे जातं आणि त्या शिरांना पायातल्या शिरांसारख्या झडपा नसतात. म्हणून वरचा दाब थेट गाद्यांपर्यंत उतरतो. नुसतं बसलास तरी त्या भरत राहतात. त्यावर श्वास कोंडून कुंथलास की पोटातला दाब चढतो आणि वर जाणारं रक्त अडतं. धमनीतून येणारं मात्र येतच असतं. फुगा पाण्याने भरताना तोंड दाबून धरावं, तसं.

गादीला आत बांधून ठेवणारे धागे असतात. ते महिनोन्महिने ताणले गेले की ढिले पडतात, जुन्या चड्डीच्या इलॅस्टिकसारखे. तुझी द्राक्षाची गोष्ट तीच आहे. आपोआप आत जाते, म्हणजे साधारण दुसरी पायरी. बोटाने ढकलावी लागली तर तिसरी.

नवी_मुंबईकर

खुर्चीला एवढं सोडू नका. मी नऊ तास बसतो, मला ऑफिसमुळेच झाली. गुरुत्वाकर्षणाने रक्त खाली साचतं, साधं विज्ञान आहे. तसं तर दिवसभर उभं राहणाऱ्या वॉचमनलाही होत असणार.

ओपीडीवाली_ताई

वॉचमनलाही होतेच, पण कशाने, ते बघावं लागेल. बैठ्या कामाचं काही जण म्हणतात, पुरावा डळमळीत आहे. खुर्चीतल्या नऊ तासांपेक्षा कमोडवरची पंचवीस मिनिटं मला जास्त खटकतात, एवढंच सांगते. तुमच्या बाबतीत पाणी कमी पिणं, कळ आली तरी 'मीटिंग संपू दे' म्हणून दाबून धरणं, हेही असू शकतं. कळ दाबली की मल गुदाशयात थांबतो, त्यातलं पाणी शोषलं जातं, तो कडक होतो आणि मग कुंथावंच लागतं.

आकडेमोड

२०२५ मध्ये प्लॉस वन या नियतकालिकात बोस्टनच्या डॉक्टरांचा अभ्यास आला आहे. कोलोनोस्कोपीला, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं तपासायला, आलेले १२५ जण घेतले. ६६ टक्के लोक संडासात फोन वापरणारे. वय, वजन, व्यायाम, चोथा वगैरे हिशेबात धरूनही त्यांच्यात मूळव्याधीची शक्यता ४६ टक्क्यांनी जास्त. पाच मिनिटांहून जास्त बसणारे फोनवाल्यांत सुमारे ३७ टक्के, बाकीच्यांत ७. गंमत म्हणजे जास्त कुंथणं आणि मूळव्याध यांचा संबंध त्यात दिसला नाही. म्हणजे पिंट्याचा तर्क उलटा ठरतो, दोष कुंथण्यापेक्षा बसण्याचाच.

ओपीडीवाली_ताई

त्यावर फार उड्या मारू नका. सगळे ४५ च्या पुढचे, एकाच वेळी पाहिलेले, आणि कोण किती कुंथतो ते स्वतःच सांगणार. 'मी जोर लावत नाही' असं आमच्याकडेही सगळे म्हणतात, मग घाम पुसतात. फोनमुळे मूळव्याध झाली की मूळव्याधीमुळे जास्त वेळ बसावं लागलं म्हणून फोन आत गेला, हे त्या अभ्यासातून कळत नाही. पिंट्याचं तरी काय आधी झालं, कोण सांगणार? पण वेळ कमी कर, हे दोन्ही बाजूंनी बरोबरच ठरतं.

तिखट_मिरची

मला तर जाताना काच कापल्यासारखं व्हायचं आणि नंतर दोन तास आग. सहा महिने मूळव्याध समजून मलम लावलं, निघालं फिशर, म्हणजे गुदद्वाराशी पडलेली चीर. पिंट्या, तू पण फिशरचं मलम आण, नाव मला विचार.

ओपीडीवाली_ताई

नको, त्याचं दुखत नाही. न दुखता शेवटी ताजं लाल रक्त आणि बाहेर येऊन आत जाणारी गाठ, ही गोष्ट मूळव्याधीची दिसते. तुमचं फिशर वेगळं होतं. अचानक निळसर, कडक, प्रचंड दुखणारी गाठ आली तर ती तिसरीच भानगड, गाठीत रक्त साकळतं. तेव्हा पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्जनकडे जावं.

भांडुपचा_पिंट्या

मग मी करायचं काय? आणि डॉक्टरकडे जावंच लागेल का?

ओपीडीवाली_ताई

जावं लागेल. 'दिसते' असं मी म्हणते, ते तपासून नाही. बोटाने आणि छोट्या नळीने, प्रॉक्टोस्कोपने, पाहतात. दोन-तीन मिनिटांचं काम. वय ३४ म्हणून आतड्याचा आजार नसेलच, असं कोणी फोरमवर ठरवू नये. रक्त मलात मिसळलेलं किंवा काळपट असेल, वजन उतरत असेल, शौचाची सवय बदलली असेल, घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर असेल तर कोलोनोस्कोपीचं विचार. तीन आठवडे रक्त जातंय, तेव्हा हिमोग्लोबिनही करून घे.

तोवर फोन बाहेर ठेवायचा. कळ आली तरच जायचं, सकाळच्या चहा-नाश्त्यानंतर येते तीच वेळ धर. पाच मिनिटं. नाही झालं तर ऊठ, पुन्हा कळ आली की जा. झाल्यावर 'राहिलंय' वाटलं तर स्वतःला सांग, ही गादी आहे, आणि ऊठ. उठून थोडं चाललास की ती जाणीव बहुतेक ओसरते. पायाखाली सात-आठ इंचाचं स्टूल घे, देवघरातला पाट बुटका पडतो. गुडघे वर आले की मार्ग थोडा सरळ होतो, कुंथावं कमी लागतं. श्वास कोंडू नको, तोंड उघडं ठेवून सोड.

रात्री इसबगोल, दोन चमचे, पेलाभर पाण्यात, आणि वरून आणखी एक पेला पाणी. सुकं तोंडात टाकून झोपणारे येतात आमच्याकडे, त्यांचं आणखी घट्ट होतं. पहिले काही दिवस वायू धरेल, एका चमच्याने सुरू केलंस तर बरं.

लालबागचा_काका

आणि कमोड काढायचा की नाही, ते बोलला नाहीत.

ओपीडीवाली_ताई

काका, घर सोसायटीचं, कमोड भिंतीत बसवलेला. स्टूल दीडशे-दोनशे रुपयांत येईल. आणि बाहेर येणारा कोंब स्टूलने कायमचा आत जाणार नाही, ढिले धागे परत घट्ट होत नाहीत. रक्त थांबू शकतं, वाढ थांबू शकते. नाही भागलं तर सर्जन गादीच्या मुळाशी रबर बँड लावतात, ती सुकून आठवडाभरात गळून पडते. पण तो निर्णय बघितल्यावर.

भांडुपचा_पिंट्या

बारा दिवसांनी लिहितोय. सर्जनना दाखवलं. दुसऱ्या पायरीची मूळव्याध म्हणाले, बाकी काही दिसलं नाही. हिमोग्लोबिन १३.१. सहा आठवडे बघू, मग रबर बँडचं ठरवू.

फोन आता फ्रिजवर असतो. पहिले दोन दिवस आत काय करावं कळेना, बादलीवरचं लेबल वाचलं. सात मिनिटांवर आलोय, पाचवर नाही. रक्त चार दिवसांपासून दिसलं नाही. गाठ अजून येते, पण दोन-तीन दिवसांतून एकदा. बायको म्हणते बघ, फोनच होता. मी म्हणतो इसबगोल होतं. दोन्ही एकाच दिवशी सुरू केलं, त्यामुळे भांडण चालू आहे.

आणि आईने विचारलं, आता तू आत जाऊन एवढ्या लवकर बाहेर कसा येतोस, बरा आहेस ना?