मदत हवी आहे: व्हिडिओतील पोल आणि फाटे उपयोगी पडतात की नाही, हे क्लिकवरून कसे ठरवावे?

अनुजा_स (धागाकर्ती)

नमस्कार. एका ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी संवादी व्हिडिओ तयार करण्याचे आणि त्यांचे आकडे पाहण्याचे काम माझ्याकडे आहे. एका व्हिडिओच्या आकड्यांवरून आमच्याकडे मतभेद झाले आहेत, म्हणून हा धागा काढत आहे.

या व्हिडिओत ४:०० वाजता एक पोल येतो. तो पडद्याच्या कोपऱ्यात १५ सेकंद दिसतो, पण त्यासाठी व्हिडिओ थांबत नाही. त्यानंतर ७:०० वाजता व्हिडिओ थांबतो आणि प्रेक्षकाला दोन फाटे दिसतात: ‘आधी नियम समजून घ्या’ आणि ‘थेट उदाहरण पाहा’. पहिला फाटा ६ मिनिटांचा आहे, दुसरा अडीच मिनिटांचा. दोन्ही फाट्यांनंतर दीड मिनिटाचा समान समारोप आहे.

एकूण २,००० जणांनी व्हिडिओ सुरू केला. पोलवर ५६० जणांनी क्लिक केले आणि त्यांपैकी ३९२ जणांनी, म्हणजे ७० टक्के लोकांनी, व्हिडिओ पूर्ण पाहिला. क्लिक न केलेल्या १,४४० जणांपैकी फक्त ३३६ जणांनी तो पूर्ण पाहिला, म्हणजे जेमतेम २३ टक्के. फाट्यांपर्यंत १,०५० जण पोहोचले. ‘नियम’ फाट्यावर गेलेल्या ६५० पैकी ४०० जणांची, तर ‘उदाहरण’ फाट्यावरच्या ४०० पैकी ३२८ जणांची नोंद ‘पूर्ण’ अशी झाली आहे.

यावरून वरिष्ठांनी असा निष्कर्ष काढला आहे की पोलमुळे पूर्ण पाहणाऱ्यांचे प्रमाण तिप्पट होते, तेव्हा प्रत्येक व्हिडिओत पोल टाकावा, आणि ‘नियम’ फाटा काढून टाकावा. मला हे पटत नाही, पण नेमके कुठे चुकते ते शब्दांत मांडता येत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

रोहित_क

तुमचा छेद चुकला आहे. जे चौथ्या मिनिटाआधीच निघून गेले, त्यांनी पोल पाहिलाच नाही. मग त्यांना ‘क्लिक न केलेले’ या गटात कसे धरता येईल? पोल प्रत्यक्ष किती जणांना दिसला तो आकडा काढा आणि क्लिकचे प्रमाण त्यावरच मोजा. पूर्ण पाहण्याची तुलनासुद्धा तेवढ्याच लोकांमध्ये करा. ती केल्यावर जो फरक उरेल, तो पोलचा परिणाम समजायला हरकत नाही.

अनुजा_स

धन्यवाद, रोहित. नोंदी पाहिल्या. पोल १,४०० जणांना दिसला होता, त्यामुळे क्लिकचे प्रमाण २८ नव्हे, तर ४० टक्के होते. क्लिक न केलेले ८४० उरतात आणि त्यांपैकी तेच ३३६, म्हणजे ४० टक्के, शेवटपर्यंत गेले. याचा अर्थ ७० विरुद्ध २३ ही तुलना आता ७० विरुद्ध ४० अशी झाली. उरलेला ३० टक्क्यांचा फरक पोलमुळेच पडला असे म्हणावे का?

शुभदा_आठ

आमच्याकडचा अनुभव सांगते. आम्ही प्रश्नाशी व्हिडिओ थांबवतो आणि उत्तर दिल्याशिवाय तो पुढे जात नाही. क्लिकचे प्रमाण ९५ टक्क्यांच्या वर असते. तुमच्याकडे ४० टक्केच येत असेल, तर पोलचा रंग आणि जागा बदलून पाहा. कोपऱ्यातली चौकट लोकांच्या नजरेत भरत नाही.

मोजपट्टी

शुभदाताई, धागाकर्तीचा प्रश्न क्लिक कसे वाढवावेत हा नाही, क्लिकवरून काय सिद्ध होते हा आहे. तरीही तुमच्या उदाहरणाचा येथे उपयोग आहे. व्हिडिओ अडवून धरला की क्लिक हे मत राहत नाही, पुढे जाण्याचे बटण होते. आपल्या नोंदींत प्रश्न दिसल्यापासून क्लिक होईपर्यंत किती वेळ गेला ते जरूर पाहा. प्रश्न वाचायलाच चार सेकंद लागतात आणि बरेचसे क्लिक पहिल्या सेकंदात, तेही सर्वांत वरच्या पर्यायावर पडले असतील, तर ते ९५ टक्के म्हणजे चौकट बाजूला सारणारे लोक आहेत.

आता मूळ प्रश्न. रोहित यांची पहिली सूचना अगदी योग्य आहे. शेवटचे वाक्य मात्र मान्य करता येणार नाही. ज्यांना पोल दिसला त्यांतही दोन प्रकारची माणसे असतात. कोणी व्हिडिओ दुसऱ्या टॅबमध्ये नुसता चालू ठेवलेला असतो, कोणाचे लक्ष उडालेले असते, कोणी निघण्याच्या बेतात असतो. ही माणसे क्लिक करत नाहीत आणि पुढे टिकतही नाहीत. जो क्लिक करतो तो पडद्यासमोर बसून लक्ष देत आहे, एवढे त्या क्लिकने कळते. तो शेवटपर्यंत गेला तर त्यात पोलचे श्रेय किती आणि मुळातल्या लक्षाचे किती, हे या दोन गटांच्या तुलनेतून वेगळे काढता येत नाही.

एक साधी तपासणी मात्र आजच्या नोंदींवरही करता येईल. तुमच्या अभ्यासक्रमात याआधीचा, पोल नसलेला एखादा व्हिडिओ असेल, तर हेच १,४०० लोक घ्या आणि त्या व्हिडिओत त्यांनी काय केले ते पाहा. जो फरक पोल येण्यापूर्वीच होता, तो पोलमुळे पडलेला असू शकत नाही.

अनुजा_स

आपण सांगितल्याप्रमाणे पाहिले. आधीच्या व्हिडिओत पोल नव्हता आणि तो जवळजवळ सर्वांनी सुरू केला होता. या व्हिडिओत पुढे क्लिक करणाऱ्यांपैकी ६६ टक्के लोकांनी तो पूर्ण पाहिला होता आणि क्लिक न करणाऱ्यांपैकी ३८ टक्के लोकांनी. म्हणजे २८ टक्क्यांची तफावत आधीपासूनच होती!

रोहित_क

मग उरलेले २ टक्के पोलचे, असे धरावे काय?

मोजपट्टी

तसे वजा करू नका. दोन व्हिडिओंचे विषय वेगळे, लांबी वेगळी. त्या वजाबाकीला इतका नेमकेपणा नाही. या तपासणीतून एवढेच कळते की ३० टक्क्यांचा दावा टिकत नाही.

पोलचा परिणाम मोजायचा असेल, तर प्रेक्षकांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करावी लागेल: निम्म्यांना पोल दाखवायचा, निम्म्यांना नाही. ज्यांना पोल दाखवायचा नाही त्यांच्यासाठीही ४:०० या क्षणाची अदृश्य नोंद ठेवा, म्हणजे दोन्हीकडचा छेद सारखाच राहील. वाटणी व्यक्तीच्या खात्यावरून करा, व्हिडिओ उघडण्याच्या वेळेवरून नाही. नाहीतर दुसऱ्यांदा आलेला माणूस वेगळ्या गटात जाऊन पडेल. नंतर क्लिक कोणी केले ते पूर्ण बाजूला ठेवा आणि पोल दाखवलेले सगळे विरुद्ध न दाखवलेले सगळे एवढीच तुलना करा. क्लिक करणाऱ्यांना निवडून वेगळे काढण्याचा मोह झाला की आपण पुन्हा पहिल्याच खड्ड्यात पडतो.

येथे दोन अडचणी येतात. काही प्लेअर टाइमलाइनवर पोलच्या जागी ठिपका दाखवतात आणि लोक तो पाहून थेट तेथे उडी मारतात. तसे असेल तर चौथ्या मिनिटापर्यंत पोहोचणारे दोन्ही गटांत सारखे राहत नाहीत, म्हणून मोजणी व्हिडिओच्या सुरुवातीपासून करावी लागते. दुसरी अडचण संख्येची आहे. प्रत्येक बाजूला ७०० प्रेक्षक असतील आणि साधारण निम्मे शेवटपर्यंत जात असतील, तर पाचएक टक्क्यांपेक्षा लहान फरक खरा की योगायोगाचा, हे सांगता येणार नाही. कोपऱ्यातल्या पोलने त्याहून मोठा फरक पडेल अशी माझी तरी अपेक्षा नाही.

फाट्यांविषयी दोन गोष्टी सांगा. तुमची प्रणाली ‘पूर्ण’ कशाला म्हणते? आणि फाटा निवडलाच नाही तर काय होते?

अनुजा_स

सगळे भाग एकाच फाइलमध्ये ओळीने आहेत: ७:०० पर्यंत समान भाग, ७:०० ते १३:०० ‘नियम’, १३:०० ते १५:३० ‘उदाहरण’ आणि १५:३० ते १७:०० समारोप. निवडीप्रमाणे प्लेअर त्या जागी उडी मारतो. टाइमलाइनचा ९० टक्क्यांचा बिंदू ओलांडला की ‘पूर्ण’ अशी नोंद होते. दहा सेकंदांत काहीच निवडले नाही, तर ‘नियम’ आपोआप सुरू होतो.

मोजपट्टी

मग बहुतेक सगळा खुलासा यातच आहे. १७ मिनिटांचे ९० टक्के म्हणजे १५:१८. ‘उदाहरण’ निवडणारा १३:०० वर उडी मारतो आणि २ मिनिटे १८ सेकंदांत तो बिंदू ओलांडतो. त्याचा फाटासुद्धा अजून संपलेला नसतो, समारोप तर त्याने पाहिलेलाच नसतो, तरी नोंद ‘पूर्ण’. ‘नियम’वाल्याला मात्र सहाच्या सहा मिनिटे काढल्याशिवाय १५:३० ला पोहोचताच येत नाही. दोघांसाठी एकच खूण वापरायची असेल, तर ती समान समारोपात हवी. समजा, १६:५० ला.

दुसरे म्हणजे, आपोआप ‘नियम’कडे गेलेले लोक वेगळे काढा. त्यांनी काहीच निवडलेले नाही.

अनुजा_स

वेगळे काढले. ६५० पैकी ३०० जण आपोआप गेलेले होते आणि त्यांपैकी १२० जणांचीच नोंद ‘पूर्ण’ होती. स्वतःहून ‘नियम’ निवडणारे ३५०, त्यांपैकी २८० पूर्ण, म्हणजे ८० टक्के. ‘उदाहरण’चे ८२ टक्के जुन्या खुणेनुसार होते, १६:५० ची खूण लावल्यावर ते ४०० पैकी २८८, म्हणजे ७२ टक्क्यांवर आले. ‘नियम’चे ३५० पैकी २६६, म्हणजे ७६ टक्के.

रोहित_क

म्हणजे ‘नियम’ फाटाच सरस ठरला!

मोजपट्टी

तेही नाही. सहा मिनिटांचा फाटा स्वतःहून निवडणारा माणूस मुळातच सवड काढून बसलेला असणार. दोन फाट्यांचे प्रेक्षक स्वतःच वेगळे झालेले असताना एक फाटा दुसऱ्यापेक्षा चांगला, असा निवाडा या आकड्यांवरून होत नाही. फाटे ठेवल्याने फायदा होतो की नाही हे पाहायचे असेल, तर काहींना फाटे द्या आणि काहींना निवड न विचारता एकच ठरलेला मार्ग दाखवा. ‘नियम’ काढून टाकण्याला मात्र आता काहीही आधार उरलेला नाही.

शुभदा_आठ

माझ्या प्रश्नांवरच्या क्लिकच्या वेळा पाहिल्या. एका प्रश्नावर निम्म्याहून अधिक क्लिक दोन सेकंदांच्या आतले निघाले, दुसऱ्यावर तसे नाहीत. दोन्ही प्रश्न तितकेच लांब आहेत. पहिला प्रश्न भागाच्या अगदी शेवटी येतो, हे कारण असेल का? आणि एक शंका अशी की, ‘उदाहरण’ पाहून समाधान झालेला माणूस समारोपाआधी निघून गेला, तर त्याला अपूर्ण का म्हणायचे? त्याला हवे ते मिळालेले असू शकते.

मोजपट्टी

शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर पाहण्याच्या नोंदींत सापडणार नाही. समारोपात पुढच्या अभ्यासाला लागणारे काही असेल, तर तो पाहणे महत्त्वाचे. नुसता निरोप असेल, तर फाटा संपला तेथेच मोजणी थांबवावी असे माझे मत आहे.

रोहित_क

या मुद्द्यावर मी असहमत आहे. प्रत्येक फाट्याची खूण आपापल्या शेवटाला लावली, तर सहा मिनिटांचा शेवट आणि अडीच मिनिटांचा शेवट पुन्हा एकाच तराजूत येतात.

अनुजा_स

आमच्या समारोपात पुढील स्वाध्यायाच्या सूचना आहेत, त्यामुळे तूर्त १६:५० ची खूण ठेवते. पोलची वाटणी पुढच्या तुकडीपासून सुरू करण्यास परवानगी मिळाली आहे. आमच्या प्लेअरमध्ये पोलच्या जागी ठिपका दिसतो आणि तो लपवण्याची सोय मला अद्याप सापडलेली नाही, म्हणून मोजणी सुरुवातीपासूनच करावी लागेल असे दिसते. दोन्ही गटांना तसाच ठिपका दाखवला आणि एका गटात तेथे काहीच आले नाही, तर ते चालेल का?