मदत हवी आहे: मास्टर बदलूनही दोन पानांवर जुनाच महिना, आणि स्टाइल निम्म्याच लेखांना लागते

कोरंपान
मासिकाची इनडिझाइन फाइल माझ्याकडे आयती आली आहे. ४८ पानं. दर महिन्याला मागचा अंक Save As करायचा आणि नवा मजकूर ओतायचा, असं चाललंय. मास्टर पेज तीन: लेख, सदरं, कविता. तिन्हींच्या तळाला महिना हाताने टाइप केलेला. या वेळी तिन्हीकडे बदलला, तरी पान १७ आणि ३० वर मागचाच महिना. प्रूफ वाचताना सापडला, नाहीतर तसाच छापून आला असता.
दुसरं म्हणजे ‘मजकूर’ ही पॅराग्राफ स्टाइल १०.५ वरून ११ पॉइंट केली. निम्मे लेख बदलले, बाकीचे ढिम्म. काय चुकतंय?

घाईगडबड
महिन्यासाठी टेक्स्ट व्हेरिएबल करा. एका जागी बदललं की सगळीकडे बदलतं. विषय संपला.

तळटीप
मला वर्डमधून मजकूर आणला की पानांचे नंबरच गायब होतात. तुमचंही तेच दिसतंय. मी तर शेवटी नंबर हातानेच टाकतो.

जुना खिळा
तळटीप, तुमचं दुखणं वेगळं आहे, त्यासाठी वेगळा धागा काढा. पण नंबर हाताने टाकू नका, एक पान मध्ये घुसलं की पुढचे सगळे चुकतील.
घाईगडबड, व्हेरिएबल चांगलंच, पण पुढच्या अंकापासून. १७ वर आधीच टाइप होऊन बसलेली अक्षरं त्याने बदलणार नाहीत.
कोरंपान, पान १७ वरच्या महिन्यावर साधं क्लिक करून बघा. मास्टरवरची चौकट पानावर साध्या क्लिकने निवडली जात नाही. निवडली गेली, तर कुणीतरी Ctrl+Shift दाबून ती पानावर सोडवून घेतली आहे, आणि मग तिच्यातला मजकूर मास्टरचं ऐकत नाही. फक्त तेवढीच चौकट निवडून पेजेस पॅनेलच्या मेनूतून Remove Selected Local Overrides द्या. Remove All देऊ नका. लेखाचा मजकूर मास्टरच्याच चौकटीत ओतलेला असेल तर तोही जाईल. (नव्या आवृत्तीत मास्टरला Parent म्हणतात, गोंधळू नका.)
कायमचा उपाय म्हणजे फक्त तळाची पट्टी आणि पान क्रमांक असलेला चौथा मास्टर करा आणि बाकी तिन्ही त्याच्यावर Based on करा. मग महिना एकाच जागी बदलायचा. तिन्हींवरच्या जुन्या पट्ट्या मात्र आठवणीने खोडा, नाहीतर एकावर एक दोन महिने छापले जातील.

कोरंपान
१७ वर क्लिक झालं, आणि तुम्ही सांगितलं तसं केल्यावर सुटलं! ३० वर वेगळीच गंमत. कुणीतरी पट्टीवर पांढरी चौकट ठेवून तिच्यात महिना टाइप केला होता. ती उचलली तर खाली बरोबर महिना.
स्टाइलचं काय? न बदललेल्या लेखांत कर्सर ठेवला की नावापुढे + दिसतं.

घाईगडबड
सगळं सिलेक्ट करा आणि Alt दाबून स्टाइलच्या नावावर क्लिक. + गेलं.

जुना खिळा
थांबा! + जाईल, पण त्याबरोबर हाताने केलेला सगळा ठळक आणि तिरका मजकूरही सपाट होईल. + चा अर्थ स्टाइलच्या वर कुणीतरी हाताने काहीतरी केलंय. तुमच्याकडे बहुधा लेख पानात बसवायला आकार १०.३ वगैरे केला असणार.
आधी ‘ठळक’ नावाची कॅरेक्टर स्टाइल करा. मग Find/Change मध्ये शोधायच्या बाजूला फॉन्ट स्टाइल Bold आणि कॅरेक्टर स्टाइल [None], बदलायच्या बाजूला ‘ठळक’. शोध लेखापुरताच ठेवा, कारण शीर्षकंही ठळक असतात. तिरक्यासाठी तसंच. त्यानंतर Alt+क्लिक. कॅरेक्टर स्टाइलला तो हात लावत नाही. Alt+Shift मात्र तीही काढतो, तेव्हा बोट जपून.

शाईचे डाग
‘मजकूर’ कशावर आधारलेली आहे तेही बघा. आमची [Basic Paragraph] वर होती. दुसऱ्या फाइलमधून लेख आणला की इथला [Basic Paragraph] लागू व्हायचा आणि ओळी सरकायच्या. आता मूळ स्टाइल [No Paragraph Style] वर आहे.

कोरंपान
एका लेखावर करून पाहिलं, ठळक शब्द टिकले. पण आकार खरंच १०.२ केलेला होता, आणि ११ झाल्यावर शेवटच्या ९ ओळी चौकटीबाहेर. संपादक म्हणतात एक शब्दही कापायचा नाही.

जुना खिळा
मग ‘मजकूर’वर आधारलेली ‘मजकूर घट्ट’ अशी स्टाइल करून त्या लेखाला लावा. निदान पुढच्या महिन्यात कुठे काय आवळलंय ते नावावरून कळेल.

शाईचे डाग
मला नाही पटत. एकदा ‘घट्ट’ केली की दर महिन्याला निम्मा अंक घट्ट होतो. ११ चा हट्ट सोडा, १०.५ वर परत या.