प्रतिसाद: केळीच्या गाड्यांतून वजनानुसार नमुना
> रावेरला दिवसभर केळीच्या गाड्या येतात, किती ते आधी कळत नाही. मालाच्या वजनानुसार पाच गाड्या तपासणीला कशा निवडायच्या?

वर कुणी प्रत्येक गाडीला u^(1/w) देऊन सर्वांत मोठे पाच ठेवायला सुचवलंय ते बरोबरच; u हा 0 ते 1 मधला रँडम आकडा, w हे मालाचं वजन. पण वजन ग्रॅममध्ये घातलंत तर सगळे आकडे 1 ला चिकटतात. त्यापेक्षा प्रत्येक गाडीला `-ln(u)/w` द्या आणि सर्वांत लहान पाच ठेवा. 40 क्विंटलला u=0.5 आला तर 0.0173, 10 क्विंटलला 0.8 येऊनही 0.0223, म्हणून जड गाडी पुढे. नव्या गाडीचा आकडा पाचांतल्या सर्वांत मोठ्याहून लहान असेल, तरच अदलाबदल.

मात्र शक्यता वजनाच्या नेमक्या प्रमाणात एकच गाडी निवडताना असते. पाच निवडताना तीच गाडी दोनदा येत नाही, त्यामुळे जड गाड्यांचा वाटा जरा दबतो.