प्रतिसाद: पार्श्वभूमीच्या बदलांना मंजुरी

> "आधीचा-नंतरचा फोटो शेजारी ठेवून पाठवतो, तरी ग्राहक 'नक्की काय बदलले?' असे विचारतो."

दोन्ही चित्रे एकाच लेयर्ड फाइलमधून, क्रॉप झाल्यानंतरच, त्याच मापात आणि sRGB मध्ये काढावीत, म्हणजे एकामागून एक उघडताना विषय जागचा हलत नाही आणि नजर फक्त पार्श्वभूमीवर जाते. रंगदुरुस्ती करायची असल्यास ती दोन्हींत सारखीच ठेवावी. नाहीतर ग्राहक त्वचेच्या रंगावरच बोलत राहतो.

मोकळ्या केसांच्या एका व्यक्तिचित्रात करड्या भिंतीऐवजी पांढरी पार्श्वभूमी घातली होती. लहान केलेल्या चित्रात सारे स्वच्छ वाटले, पण १०० टक्क्यांवर केसांच्या टोकांना जुन्या भिंतीची करडी किनार दिसली. म्हणून पूर्ण चित्राच्या जोडीखाली कडेच्या त्याच भागाची मोठी जोडी मी आवर्जून जोडतो.